सुटलेलं पोट आणि अर्धी भाकरी

गटाची बैठक संपली, बचतीची वही मिटली की खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाच्या तरी मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ असतं आणि बोलणं हटकून तिच्या पोटावर येतं. "अजून पोट आत गेलं नाही का गं?" असं एखादी विचारते. बाळाची आई जरा ओशाळते आणि हळूच सांगते, "रात्रीची भाकरी बंद केलीय आता. अर्धीच खाते." बाकीच्या माना डोलावतात. या लेखात बोलायचं आहे ते याच अर्ध्या भाकरीबद्दल. बाळंतपणानंतर पोट का सुटतं, ते कशानं कमी होतं, आणि अंगावर बाळ पीत असताना आईनं किती आणि काय खायचं, हे एका उदाहरणातून नीट पाहू.

समजा, एका घरची धाकटी सून आहे. वय २६, उंची पाच फूट. दुसरं बाळंतपण, साधी प्रसूती, बाळ पाच महिन्यांचं आणि फक्त अंगावर पिणारं. गरोदर राहण्याआधी तिचं वजन ५४ किलो होतं, आता ६२ आहे. पहिला सव्वा महिना तिला छान जपलं. डिंकाचे लाडू, शिरा, तूपभात सगळं झालं. मग ती कामाला लागली. पाणी, झाडलोट, जनावरं, शेतातली खुरपणी. पोट मात्र तसंच. कुणीतरी म्हणालं "खाणं कमी कर", म्हणून तिनं रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. महिनाभरात वजन एक किलोही उतरलं नाही. उलट उठताना चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, आणि दूध कमी झालं की काय अशी धास्ती वाटते.

हिचं नेमकं कुठं चुकतंय, ते बघायला तिचा दिवसभराचा आहार मांडून पाहू. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. अकराच्या सुमारास दोन भाकरी आणि पिठलं किंवा आमटी. दुपारी चहा, संध्याकाळी चहा, मध्ये कुणी आलं तर आणखी एक चहा. रात्री अर्धी भाकरी. आणि रात्री दोनला बाळाला पाजायला उठली की पोटात खड्डा पडलेला असतो, मग डब्यातला फरसाण नाहीतर उरलेला लाडू. म्हणजे भाकरी कमी केली, पण तिच्या जागी साखर आणि तेल आलं. पोट भरलं नाही, अंगात ताकद आली नाही आणि वजनही हललं नाही.

दुधासाठी किती जास्त लागतं

पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते तयार करायला आईचं शरीर ताकद खर्च करतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतातल्या बायकांसाठी ठरवलेलं प्रमाण असं, की अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा ६०० उष्मांक जास्त लागतात. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं खाणं सुरू होतं, तेव्हा ते थोडं कमी, ५२० होतं.

६०० उष्मांक म्हणजे आपल्या ताटात किती? एक मध्यम ज्वारीची भाकरी, एक वाटी मटकीची उसळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक छोटा कप दूध. एवढंच. "दोघांचं खा" म्हणून दुप्पट खायची गरज नाही, आणि अर्धं करायची तर मुळीच नाही.

आता चरबीचं गणित. गरोदरपणात शरीर दोन-चार किलो चरबी मुद्दाम साठवतं. ही साठवण दुधासाठीच असते. त्यामुळे ६०० पैकी साधारण २०० उष्मांक त्या साठ्यातून जाऊ द्यायचे आणि ४०० ताटातून घ्यायचे. रोजचे २०० म्हणजे महिन्याचे सहा हजार. एक किलो चरबी उतरायला साधारण साडेसात हजार उष्मांक लागतात, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास. त्यात रोजचं अर्ध्या तासाचं चालणं धरलं तर किलोभर. आपल्या सुनेचं ८ किलो वजन वाढलेलं आहे, म्हणजे तिला आठ-नऊ महिने लागणार. ऐकायला लांब वाटतं, पण वाढायलाही नऊ महिनेच लागले होते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर समजायचं, की खाणं कमी पडतंय.

हे २०० उष्मांक काढायचे कुठून? भाकरीतून नाही, डाळीतून नाही. चहातून. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाची आठ चमचे साखर. दोन चहा बंद केले आणि सकाळची चार बिस्किटं सोडली की जवळजवळ २०० उष्मांक गेले. भुकेला काही कळलंही नाही. डिंकाचा लाडू वाईट नाही, पण त्यात तूप, गूळ, खोबरं ठासून भरलेलं असतं. सव्वा महिना दिवसाला एखादा छोटा लाडू ठीक. पाचव्या महिन्यात डबाभर करून ठेवला तर तो खायचा कुणी, हे आधी घरात ठरवून घ्या.

तिचं बदललेलं ताट असं होईल. सकाळी उठल्यावर भिजवलेले किंवा भाजलेले शेंगदाणे मूठभर, नाहीतर नाचणीचं आंबील वाटीभर, आणि एक चहा. न्याहारीला भाकरी आणि रात्रीची उरलेली उसळ चालेल. दुपारी दोन भाकरी, घट्ट वरण, आणि पालेभाजी: मेथी, शेपू, राजगिरा, चवळईचा पाला, जे परसात असेल ते. वर लिंबाची फोड. संध्याकाळी एक फळ, पेरू असला तर उत्तम. रात्री दोन भाकरी किंवा भाकरी-भात, डाळ, एक वाटी दही किंवा ताक. घरात अंडी खात असतील तर रोज एक. रात्री पाजायला उठल्यावर खायला उशाशी फुटाणे ठेवावेत, फरसाण नाही. अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने आहार मिळतो. तो तिचा आहे, घरात सगळ्यांत वाटून संपवायचा नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीत शिजवलेलं गरम जेवण मिळतं, तिथल्या मैत्रिणींनी ते तिथंच बसून जेवावं.

डाळ वातूळ, पालेभाजी बाळाला बाधते, पाणी जास्त पिऊ नये, फळ थंड असतं. बाळंतिणीला ही पथ्यं आजही सांगितली जातात. सासूबाईंना दुखवून काही उपयोग नाही, त्या काळजीपोटीच सांगतात. पण डाळ, भाजी आणि फळ काढून घेतलं तर ताटात उरतो तो तूपभात. वजन त्यानं वाढतं आणि रक्त वाढत नाही. तडजोड सोपी आहे. मूगडाळीपासून सुरुवात करा, भाजी नीट शिजवून हिंग-जिऱ्याची फोडणी द्या, आणि प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. तहानेइतकं पाणी प्यायचं.

"खाणं वाढवल्यावर दूध वाढेल ना?" असा प्रश्न येतो. दूध मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं त्यावर ठरतं. आई बारीक असली तरी दूध येतं. शरीर आधी दुधाला देतं आणि उरलं तर आईला. म्हणून कमी खाण्याचा फटका आधी आईला बसतो, तिचं रक्त आणि हाडं झिजतात. दूध पुरतंय का हे छाती भरलेली आहे की नाही यावरून ठरवू नका. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का आणि अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याचं वजन वर सरकतंय का, हे पाहा. दोन्ही होत असेल तर दूध पुरतंय.

आधी रक्त, मग वजन

आपल्या सुनेला चक्कर आणि धाप आहे. तेव्हा वजनाच्या आधी तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं. उपकेंद्रात ही तपासणी होते. समजा ते ९.४ आलं. पाजणाऱ्या आईचं १२ किंवा त्याहून जास्त हवं. ९.४ असताना जेवण कमी करणं म्हणजे रिकाम्या टाकीवर मोटर चालवणं. पहिले दोन महिने तिनं वजन उतरवण्याचा विचार बाजूला ठेवायचा. साखर-बिस्किटं कमी करायची, बाकी ताट पूर्ण भरायचं.

बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी आणि रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. बऱ्याच जणींच्या गोळ्या कपाटात तशाच पडून असतात. सुनेच्याही होत्या. कारण विचारलं तर "मळमळतं, शी काळी होते". शी काळी होणं हे गोळीमुळेच होतं, त्यात काही बिघडलेलं नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं लागू पडतं. चहा तिच्या आगेमागे तासभर नको, चहा लोह अडवतो. लोह आणि कॅल्शियम एकदम गिळायचं नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लोह रात्री, असा नेम लक्षात राहायला सोपा.

रक्त कमी असेल तर डॉक्टर गोळीचं प्रमाण वाढवून देतात. महिन्यानं पुन्हा तपासायचं. साधारण एक ग्रॅम तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी खरंच घेतली का, जंत आहेत का, पाळीत जास्त जातंय का, हे डॉक्टर बघतील. आणि रक्त भरलं तरी थकवा हटत नसेल, केस फार गळत असतील, छाती धडधडत असेल तर थायरॉइडची तपासणी मागून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतं आणि ते "बाळामुळे झोप नाही" यात दडून जातं.

पोट चरबीचंच असतं असं नाही

आता मूळ तक्रार. सुनेचं पोट सुटलंय त्यात चरबीचा वाटा आहे, पण दुसराही एक भाग आहे जो कितीही उपाशी राहिलं तरी आत जात नाही. पोटाच्या मधोमध, छातीखालून खालपर्यंत, दोन उभे स्नायू शेजारी-शेजारी असतात. बाळ वाढताना ते एकमेकांपासून बाजूला सरकतात आणि मधला पडदा ताणला जातो, जुन्या इलॅस्टिकसारखा. बऱ्याच जणींचे स्नायू पहिल्या दोन महिन्यांत आपोआप जवळ येतात. काहींचे येत नाहीत, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर. मग बाई बारीक असली तरी पोट पुढे दिसतं.

हे घरी तपासता येतं. साधी प्रसूती असेल तर सहा-आठ आठवड्यांनी, सिझर असेल तर टाके पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी तपासल्यावर. उताणं झोपा, गुडघे उभे करा. बेंबीच्या जरा वर, मधोमध बोटांची टोकं हलकी दाबून ठेवा. आता हनुवटी छातीकडे आणत फक्त डोकं थोडं उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा घट्ट होताना लागतील. त्या दोन कडांमध्ये किती बोटं बसतात ते मोजा. दोन बोटांपर्यंत ठीक. सुनेला तीन बसली. मधोमध डोंगरासारखा उंचवटाही आला. तीन-चार बोटं असतील, किंवा बेंबीपाशी गोळा येऊन दुखत असेल तर जिल्हा रुग्णालयात व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांना एकदा दाखवा.

"आम्ही दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" हे अगदी खरं वाटणारं बोलणं आहे. राबण्यानं उष्मांक जळतात, पण सुटलेल्या स्नायूंना ते जवळ आणत नाही. उलट पंधरा लिटरचा भरलेला हंडा उचलताना श्वास कोंडला की सगळा दाब पोटाच्या त्या सैल पडद्यावर आणि खाली, गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी पेलणाऱ्या स्नायूंवर येतो. तेही बाळंतपणात ताणलेले असतात. खोकताना थेंब-थेंब लघवी होणं, संध्याकाळी खाली ओढल्यासारखं वाटणं, आणि पुढे जाऊन अंग बाहेर येणं, याची सुरुवात तिथून होऊ शकते. पोटपट्टी किंवा जुनी साडी आवळून बांधल्यानं तात्पुरता आधार वाटतो, स्नायू बळकट होत नाहीत. फार आवळली तर दाब खालीच जातो.

म्हणून सुरुवात खालच्या स्नायूंपासून. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचं असेल तसं आतून वर ओढायचं. मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाजताना, भाकऱ्या थापताना, बैठकीत बसल्या-बसल्याही होतं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करायचा नाही. साधी प्रसूती झाली असेल तर दुखणं कमी झाल्यावर काही दिवसांतच सुरू करता येतो. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात.

पोटासाठी, गुडघे उभे करून उताणं झोपायचं. श्वास घेताना पोट फुगू द्यायचं. श्वास सावकाश सोडताना बेंबीखालचा भाग आत ओढायचा, परकराची नाडी आवळताना ओढतो तसा. पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन-तीन आठवड्यांनी हे सहज जमायला लागलं की पोट तसंच आत धरून एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा, परत आणायचा, मग दुसरा. त्यानंतर गुडघे उभे ठेवून कंबर उचलणं. दोन्ही पाय एकदम वर उचलणं, हात डोक्यामागे घेऊन उठाबशीसारखं उठणं, हे प्रकार मोबाईलवर दिसतात, पण ते इतक्यात नको. कुठलाही व्यायाम करताना पोटाच्या मध्यावर डोंगर उभा राहिला तर तो तुमच्यासाठी अजून लवकर आहे, एक पायरी मागं या.

आणि हंडा? शक्य असेल तर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. सिझर झालेल्यांनी तर नक्कीच नाही. पुढेही अर्धी कळशी, फेऱ्या जास्त. गुडघ्यात वाकायचं, भांडं अंगाजवळ घ्यायचं, आधी खालचे स्नायू वर ओढायचे आणि श्वास सोडत उचलायचं. अंथरुणातून उठतानाही सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठा. दिवसातून पन्नास वेळा आपण उठतो, हा मोठा फरक आहे. घरातल्या माणसांनी दोन महिने पाणी भरलं तर काय होतं, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही.

चालणं पहिल्या आठवड्यापासून चालतं, घरातल्या घरात. मग रोज दहा मिनिटं, सहा आठवड्यांपर्यंत हळूहळू अर्धा तास. शरीर जास्त करतंय का हे कळायची एक खूण आहे. कमी होत आलेला, फिका झालेला स्राव कामानंतर पुन्हा लालभडक आणि जास्त झाला तर दोन दिवस काम कमी करा. तासाभरात एक घडी भिजण्याइतकं जात असेल, ताप असेल, स्रावाला घाण वास येत असेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा बसल्याजागी दम लागत असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्या फक्त बाळाचं वजन करून जाऊ नयेत. आपलं दुखणं त्यांना सांगा. दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तेही सांगायचं दुखणंच आहे, त्यावर उपचार आहेत.

बारीक होण्याच्या पावडरी, काढे आणि गोळ्या विकणाऱ्या बायका गटागटातून फिरतात. अंगावर पाजत असताना त्यातलं काहीही घेऊ नका. त्यात काय आहे ते विकणारीलाही ठाऊक नसतं, आणि पोटात गेलेलं पुष्कळसं दुधात उतरतं.

आपली सून समजा हे सगळं नीट करत गेली. दोन महिन्यांनी रक्त ११ च्या पुढे, चक्कर थांबलेली, वजन फक्त किलोभर कमी. पोटाच्या फटीत आता अडीच बोटं. इथंच पुष्कळ जणी "काही फरक नाही" म्हणून सोडतात. पण बाळ आता सात महिन्यांचं आहे, वरणभात चाटायला लागलंय, दूध थोडं कमी पितंय. इथून पुढे तिची वाढीव गरज कमी होत जाईल. त्या वेळी तिनं संध्याकाळचा शेंगदाण्याचा एक घास कमी करावा, चालणं दहा मिनिटांनी वाढवावं आणि महिन्यातून एकदाच, बैठकीच्या दिवशी, अंगणवाडीच्या काट्यावर उभं राहावं. रोज वजन बघू नये. पाणी, पाळी आणि जेवणानं ते किलो-दीड किलो खालीवर होतच असतं. ज्या जणींचं बाळ वर्षाचं होऊनही अजून पितंय, त्यांनी ताटातली डाळ आणि दूध मात्र बाळ सुटेपर्यंत तसंच ठेवावं.